तीन गुणांच्या उत्तराला अडीच की दीड? जीवशास्त्राचा एक प्रश्न तपासताना

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पेपरात असा एक प्रश्न येतो:

«ऱ्हिओच्या पानाच्या खालच्या बाजूची साल 5 टक्के मिठाच्या द्रावणात काही मिनिटं ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत कोणता बदल दिसेल ते लिहा आणि त्याचं कारण स्पष्ट करा. (3 गुण)»

उत्तर चार-पाच ओळींत बसतं, म्हणून तपासायला सोपं वाटतं. पण हाच प्रश्न दोन अनुभवी शिक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला द्या, एकाच उत्तराला एक जण अडीच देईल आणि दुसरा दीड. दोघांनाही विषय पक्का येत असतो. फरक पडतो तो अर्धा गुण नेमका कशाचा, हे आधी ठरलेलं नसतं म्हणून. इंदूरमध्ये आमच्यासारख्या शाळांत एकाच वर्गाचे पेपर दोन-तीन जणांत वाटले जातात, काही हिंदीतून लिहिलेले, काही इंग्रजीतून. तिथे एका मुलीचा गुण तिची उत्तरपत्रिका कोणाच्या गठ्ठ्यात गेली यावर ठरणं हा अन्याय आहे आणि तो टाळता येतो. कसा, ते या एकाच प्रश्नावरून पाहू.

आधी स्वतः उत्तर लिहा

गुणदान योजना पुस्तक समोर ठेवून करू नका. पुस्तकातला परिच्छेद योजना म्हणून चिकटवला की त्यातली वाक्यं शोधण्याचं काम सुरू होतं आणि मुलांचा विचार बाजूला राहतो. प्रश्न वाचा, मुलाला जेवढा वेळ मिळणार आहे तेवढ्यातच स्वतः उत्तर लिहा आणि मग त्या उत्तराचे तुकडे पाडा.

या प्रश्नाचं उत्तर साधारण असं होतं. ऱ्हिओच्या पानाची खालची बाजू जांभळी असते, कारण तिथल्या पेशींच्या रिक्तिकेत रंगीत रस असतो. म्हणून तर प्रयोगाला हे पान घेतात: रंगामुळे बदल डोळ्यांना दिसतो. साल मिठाच्या द्रावणात ठेवल्यावर तो जांभळा भाग आक्रसतो आणि प्रद्रव्यपटल पेशीभित्तिकेपासून सुटतं. भित्तिका किंचित सैलावली तरी आपला आकार टिकवून असते. हे घडतं कारण बाहेरच्या द्रावणात विरघळलेले पदार्थ पेशीरसापेक्षा जास्त आहेत, म्हणजे द्रावण अतिपरासारी आहे. त्यामुळे पेशीतलं पाणी अर्धपार्य पटलातून परासरणाने बाहेर जातं. या सगळ्या प्रक्रियेला रससंकोच म्हणतात.

आता प्रश्नातली क्रियापदं पाहा. ‘लिहा’ म्हणजे निरीक्षण आणि ‘कारण स्पष्ट करा’ म्हणजे कारणांची साखळी. प्रक्रियेचं नाव प्रश्नाने विचारलेलंच नाही. बहुतेक तंटे इथूनच सुरू होतात, कारण मुलांना नाव पाठ असतं आणि शिक्षकांना ते ऐकायला आवडतं.

तीन गुणांचे सहा अर्धे

तीन गुणांसाठी तीन मुद्दे हे पहिलं पाऊल झालं. प्रत्येक मुद्द्याचे दोन अर्धे केले की अंशतः बरोबर उत्तराला गुण देण्याची जागा तयार होते. मी या प्रश्नाची योजना अशी मांडते:

क. निरीक्षण (1 गुण). रंगीत भाग किंवा जीवद्रव्य आक्रसतं: ½. पटल भित्तिकेपासून सुटतं, मध्ये जागा दिसते: ½.

ख. पाण्याची हालचाल (1 गुण). पाणी पेशीतून बाहेर जातं: ½. ते परासरणाने, म्हणजे अर्धपार्य पटलातून जातं: ½.

ग. मूळ कारण (1 गुण). बाहेरचं द्रावण अतिपरासारी आहे: ½. कुठे काय जास्त आहे याची तुलना, म्हणजे बाहेर क्षार जास्त आणि पेशीरसात कमी, किंवा पाण्याची विभवता आत जास्त आणि बाहेर कमी: ½.

प्रत्येक अर्धा स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. ‘पाणी बाहेर जातं’ आणि ‘परासरण होतं’ हे दोन अर्धे वेगळे ठेवले, कारण पहिलं लिहिणाऱ्या मुलाला दिशा कळलेली असते आणि दुसरं लिहिणाऱ्याला मार्ग. एक येतं आणि दुसरं येत नाही, असं खरोखर घडतं. याउलट ‘जीवद्रव्य आक्रसतं’ आणि ‘रंगीत भाग लहान होतो’ यांना वेगवेगळे अर्धे दिले, तर एकाच गोष्टीचे दोनदा गुण जातात. तुकडे पाडताना स्वतःला एवढंच विचारा: हा तुकडा येतो पण तो येत नाही, असं मूल माझ्या वर्गात आहे का? नसेल तर ते दोन तुकडे वेगळे नाहीत.

नावाचं काय करायचं, तेही आत्ताच ठरवा. माझा निर्णय असा, की ‘रससंकोच’ हे नाव ‘क’मधल्या पहिल्या अर्ध्याच्या जागी चालेल, दुसऱ्याच्या नाही. नाव माहीत असणं म्हणजे पटल कुठून सुटतं ते माहीत असणं नव्हे. ज्याने ‘आक्रसतं’ही लिहिलंय आणि नावही दिलंय, त्याला त्याच अर्ध्याचे दोनदा गुण मिळत नाहीत. कोणी नावाला अजिबात गुण न देण्याचं ठरवेल, तेही चालेल. मात्र निर्णय लिहून ठेवलेला असावा आणि सगळ्या गठ्ठ्यांना एकच लागावा.

काय चालेल, काय नाही

योजनेचं खरं काम सहा अर्ध्यांच्या पुढे सुरू होतं. प्रत्येक अर्ध्यासमोर तीन रकाने करा: चालेल, चालणार नाही, दुर्लक्ष करा. हे रकाने डोक्यात ठेवू नका, कागदावर लिहा.

‘चालेल’मध्ये पर्यायी शब्द येतात. मुलं हिंदीतून ‘जीवद्रव्यकुंचन’ लिहितील, इंग्रजीतून ‘प्लाझ्मोलिसिस’, कोणी ‘झिल्ली दीवार से अलग हो जाती है’ असं साधं वाक्य लिहील. तिन्हींचा अर्थ योजनेत बसतो. सीबीएसईच्या परीक्षकांसाठीच्या सूचनांतही म्हटलेलं असतं, की योजनेतले मुद्दे केवळ मार्गदर्शक आहेत आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत बरोबर लिहिलं असेल तर गुण द्यावेत. शुद्धलेखनाचे गुण इथे नाहीत, पण एक मर्यादा आहे. ‘हायपरटॉनिक’ आणि ‘हायपोटॉनिक’ हे एकमेकांच्या उलट अर्थाचे शब्द आहेत. कोणी ‘हायपटॉनिक’ लिहिलं तर त्याला कोणता शब्द म्हणायचा होता ते आपल्याला कळू शकत नाही, आणि जे कळत नाही त्याला गुण देता येत नाहीत. ‘प्लाझमोलायसीस’ हे चुकीचं स्पेलिंग मात्र दुसऱ्या कशाशी गोंधळत नाही, ते चालेल.

‘चालणार नाही’मध्ये सर्वांत महत्त्वाचं वाक्य म्हणजे ‘पेशीभित्तिका आक्रसते’. ही गल्लत नेमकी तीच आहे जी हा प्रयोग दूर करतो: भित्तिका जागेवर असते आणि पटल सुटतं, म्हणून तर ती मधली जागा दिसते. असं लिहिणाऱ्याला ‘क’चा कोणताच अर्धा नाही. ‘पेशी आक्रसते’ हे मात्र त्याहून वेगळं. ते ढोबळ आहे, चुकीचं नाही. त्याने ‘आक्रसतं’चा अर्धा मिळत नाही, पण त्यामुळे बाकीचं काही रद्दही होत नाही. या दोन वाक्यांतला फरक न ओळखल्यामुळे अनेकदा शिक्षक एकतर दोन्हींना गुण देतात, नाहीतर दोन्हींवर काट मारतात.

‘दुर्लक्ष करा’मध्ये विषयाबाहेरची पण निरुपद्रवी वाक्यं येतात. ‘जसं कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं’ हे आमच्या मुलांचं आवडतं वाक्य. छान आहे, मुलाला बहुधा कळलंय असं वाटतं, पण प्रश्न पानाच्या पेशींचा आहे आणि या वाक्यात पटल, भित्तिका, परासरण यांपैकी काहीच नाही. गुण नाहीत, शिक्षाही नाही. ‘नंतर पेशी पाण्यात ठेवली तर पूर्ववत होते’ हे खरं आहे, पण विचारलेलं नाही. ‘पेशी मरते’ हे थोड्या वेळाच्या प्रयोगाबद्दल बरोबर नाही, पण ते सहा अर्ध्यांपैकी कशालाही छेद देत नाही, म्हणून तेही इथेच. सुटलेल्या जागेत हवा भरते असं कोणी लिहिलं तर ते चूक आहे. भित्तिका पाण्यासोबत मीठही आत येऊ देते, म्हणून त्या जागेत बाहेरचं मिठाचं द्रावणच असतं. पण हेही न विचारलेलं, म्हणून गुण कापायचे नाहीत. समासात छोटी टीप लिहून ठेवावी, मुलाला शिकायला उपयोगी पडते.

‘सांद्रता’ कोणाची?

या प्रश्नावर सर्वांत जास्त वाद एका शब्दावरून होतो. मुलगा लिहितो, ‘पाणी कमी सांद्रतेकडून जास्त सांद्रतेकडे जातं.’ शेजारची मुलगी लिहिते, ‘पाणी जास्त सांद्रतेकडून कमी सांद्रतेकडे जातं.’ पहिलं वाक्य क्षाराच्या सांद्रतेबद्दल असेल तर बरोबर. दुसरं पाण्याच्या सांद्रतेबद्दल असेल तर तेही बरोबर. पण दोघांनीही ‘कोणाची’ ते लिहिलेलं नाही.

इथे माझ्यासोबत तपासणाऱ्या मॅडमचं म्हणणं असं: «अहो, सांद्रता म्हटलं की विद्राव्याचीच असते, पहिल्याला द्या आणि दुसरीला काट मारा.» मला हे पटत नाही. दुसरीला विसरण आठवत असेल आणि ती पाण्याच्या रेणूंबद्दलच बोलत असेल, तर तिचं वाक्य तितकंच शास्त्रीय आहे. आपण पहिल्याच्या वाक्यात ‘क्षाराची’ हा शब्द मनाने घालतो आणि दुसरीच्या वाक्यात ‘पाण्याची’ घालत नाही. म्हणजे उत्तराचा राहिलेला शब्द आपण एका मुलाला पुरवतो आणि दुसरीला नाही.

म्हणून ‘ग’चा दुसरा अर्धा काय जास्त आणि कुठे, हे दोन्ही लिहिलं असेल तरच द्यायचा. ‘बाहेर मीठ जास्त’, ‘आतलं द्रावण पातळ’, ‘पाण्याचं प्रमाण आत जास्त’, यांपैकी काहीही चालेल. नुसती ‘सांद्रता’ असेल तर तो अर्धा नाही, दोघांनाही नाही. पण शब्द आधीच्या किंवा पुढच्या वाक्यात मिळत असेल, तर तो शोधण्याचं काम आपलं आहे. ‘बाहेर 5 टक्के मीठ आहे, पेशीत त्याहून कमी. पाणी कमी सांद्रतेकडून जास्त सांद्रतेकडे जातं.’ इथे ‘मीठ’ आधीच आलंय, गुण मिळायलाच हवा.

परस्परविरोध

मूल एकाच उत्तरात ‘पाणी पेशीतून बाहेर जातं’ आणि ‘त्यामुळे पेशी फुगते’ असं दोन्ही लिहितं. इथे दोन नियम पुरतात.

पहिला: बरोबर विधानाला थेट छेद देणारं विधान त्याच मुद्द्यावर असेल, तर त्या मुद्द्याचा अर्धा जातो. ‘पाणी बाहेर जातं’ आणि तीन ओळींनंतर ‘पाणी पेशीत शिरतं’ असं लिहिलं, तर दिशेचा अर्धा नाही. मुलाने दोन्ही घोडे जुंपले आणि निवड आपल्यावर सोडली. दुसरा: विरोध वेगळ्या मुद्द्यात असेल तर त्याचा परिणाम त्या मुद्द्यापुरताच. ‘पाणी बाहेर जातं, त्यामुळे पेशी फुगते’ यात दिशेचा अर्धा टिकतो, निरीक्षणाचा जातो.

काट मारलेला मजकूर मात्र मोजायचा नाही. मुलाने एखादं वाक्य स्वच्छ खोडलं असेल तर ते नाहीच असं समजा, मग ते बरोबर असो की चूक. खोडलेल्या चुकीमुळे गुण कापणं योग्य नाही.

तीन उत्तरं, अर्धा-अर्धा करून

आता प्रत्यक्ष तपासू. उत्तरं हिंदीत होती असं समजा, इथे मराठीत देते.

पहिलं: ‘मिठाचं द्रावण अतिपरासारी असल्यामुळे पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि पेशी आक्रसते. याला रससंकोच म्हणतात. जसं कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं.’

हे उत्तर वाचताना वाटतं, मुलाला येतंय. घाईत अडीच देऊन टाकले जातात. पण योजना पुढे ठेवून चाला. ‘अतिपरासारी’: ½. तुलना कुठेही नाही, ‘ग’चा दुसरा अर्धा 0. ‘पाणी बाहेर जातं’: ½. परासरण किंवा पटलाचा उल्लेख नाही, 0. ‘पेशी आक्रसते’ ढोबळ, त्याला काही नाही, पण ‘रससंकोच’ नावाने तो पहिला अर्धा मिळतो: ½. पटल भित्तिकेपासून सुटल्याचा उल्लेख नाही, 0. कैरी दुर्लक्षित. एकूण दीड. या मुलाला शब्द येतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं ते त्याने लिहिलेलं नाही, आणि प्रश्नाने पहिल्यांदा तेच विचारलं होतं. दीड हा गुण बरोबर तेवढंच सांगतो.

दुसरं उत्तर पूर्ण पानभर आहे. सुंदर अक्षर, परासरणाची व्याख्या अर्धपार्य पटलासकट, मग अतिपरासारी, समपरासारी आणि अवपरासारी अशा तिन्ही द्रावणांची माहिती: ‘अतिपरासारीत पाणी बाहेर जातं, अवपरासारीत आत येतं.’ 5 टक्के मीठ यांपैकी कोणतं, ते कुठेच लिहिलेलं नाही. खाली मात्र दोन पेशींची आकृती आहे, एकीखाली ‘साधी’, दुसरीखाली ‘मिठात’. दुसरीत आतलं पटल आक्रसून भित्तिकेपासून सुटलेलं काढलंय, दोन्हींना नावं दिलीत आणि बाहेर जाणारा बाण आहे, त्यावर ‘पाणी’.

मजकुराचा विस्तार बघून तीन द्यायचे नाहीत आणि ‘विचारलेलं लिहिलंच नाही’ म्हणून रागाने शून्यही नाही. आकृती हेही उत्तरच आहे, नावं असतील तर ती वाक्याइतकीच बोलते. आकृतीतून ‘क’चे दोन्ही अर्धे: 1. ‘मिठात’ असं लिहिलेल्या पेशीतून बाहेर जाणारा पाण्याचा बाण: ½. व्याख्येत परासरण पटलातून होतं हे आहे आणि बाणाने ते या पेशीला लागू होतं: ½. ‘ग’मध्ये काहीच नाही, कारण तिन्ही द्रावणांची यादी दिली पण यातलं आपलं कोणतं ते निवडलं नाही. सगळे पर्याय लिहून निवड परीक्षकावर सोडली तर निवडीचा गुण मिळत नाही. एकूण दोन. आकृतीला नावं नसती, तर बाण आणि आक्रसलेला गोल यांचा अर्थ आपल्याला लावावा लागला असता आणि दोनाचा एकही राहिला नसता.

तिसरं: ‘5 टक्के मीठ म्हणजे 95 टक्के पाणी, म्हणून हे द्रावण पातळ आहे. बाहेर पाणी जास्त असल्यामुळे ते पटलातून परासरणाने आत येतं. पेशी फुगते आणि पटल भित्तिकेवर दाबलं जातं.’

सगळं उलटं आहे, आणि तरीही यात विचार आहे. 95 टक्के पाणी हा आकडा बरोबर आहे, पण पेशीरसात पाण्याचं प्रमाण त्याहूनही जास्त असतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. पुढची प्रत्येक पायरी त्या चुकीच्या पायावर तर्कशुद्ध उभी आहे. सीबीएसईच्या सूचनांत असतं, की एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी, तिचा परिणाम पुढे पुढे मोजत जाऊ नये. मग इथे फक्त ‘ग’चे दोन अर्धे कापून दोन गुण द्यायचे का?

नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. पुढची पायरी आधीच्या पायरीतून काढायची असते, तिथे हा नियम लागतो. पाणी कोणत्या दिशेने जाईल हे मुलाने आपल्या गृहीतकातून काढलंय आणि बरोबर काढलंय: बाहेर पाणी जास्त असेल तर ते आतच येणार. म्हणून ‘ख’मध्ये दिशेचा अर्धा आणि परासरणाचा अर्धा, दोन्ही द्यावेत: 1. पण निरीक्षण तर्काने काढायचं नसतं, ते पाहून लिहायचं असतं. प्रयोगशाळेत ही साल त्याने पाहिलेली असते किंवा वर्गात दाखवलेली असते. फुगलेली पेशी त्याने पाहिलीच नाही. म्हणून ‘क’ 0 आणि ‘ग’ 0. एकूण एक. मला वाटतं हा एक गुण त्या मुलाच्या हक्काचा आहे. समासात ‘पेशीरसात पाणी 95 टक्क्यांहून जास्त’ एवढं लिहिलं तर त्याची संपूर्ण गाठ सुटेल.

लाल पेनाआधी

योजना तयार झाली की लगेच तपासायला बसू नका. गठ्ठ्यातून दहाएक उत्तरपत्रिका काढा, काही चांगल्या मुलांच्या, काही मधल्या, काही कच्च्या. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे, पेन्सिलने, वेगळ्या चिठ्ठीवर तपासा. मग ताडा, पण बेरजा नाही, अर्धे ताडा. दोघांनीही दीड दिले आणि एकाने ‘क’ आणि ‘ख’मधून दिले, दुसऱ्याने ‘ख’ आणि ‘ग’मधून, तर ते एकमत नव्हे. बेरीज योगायोगाने जुळली आहे, पुढच्या उत्तरपत्रिकेत ती फुटेल.

फरक दिसला की एकाच मुद्द्यावर वारंवार दिसतोय का ते पाहा. तसं असेल तर योजनेतलं वाक्य धूसर आहे, शिक्षकांपैकी कोणाचा दोष नाही. रकान्यात एक ओळ वाढवा आणि पुढे जा. फरक सगळीकडे विखुरलेला असेल, तर कोणीतरी योजना न बघता एकूण ठशावरून गुण देतंय.

आणखी दोन खुणा सांगते. जवळजवळ सगळ्यांना दीडच मिळत असेल, तर एखादा अर्धा फुकट जातोय आणि एखादा कोणालाच मिळत नाही. अशा वेळी प्रश्नाचा शब्दप्रयोग तपासा. ‘कोणता बदल दिसेल’ याऐवजी नुसतं ‘काय होईल’ विचारलं असतं, तर मुलांनी निरीक्षण न लिहिल्याचा दोष त्यांच्यावर टाकता आला नसता. आणि चांगल्या मुलांना कच्च्या मुलांपेक्षा कमी मिळत असेल, तर चांगली मुलं असं काही बरोबर लिहितायत जे योजनेत नाही. उदाहरणार्थ कोणी पाण्याच्या विभवतेच्या भाषेत पूर्ण उत्तर लिहील आणि ‘अतिपरासारी’ हा शब्दच वापरणार नाही. ‘बाहेरच्या द्रावणाची विभवता पेशीरसापेक्षा कमी’ यात ओळख आणि तुलना दोन्ही आहेत, म्हणून ‘ग’चा पूर्ण गुण.

तपासताना

सगळ्या उत्तरपत्रिकांचा हा एकच प्रश्न सलग तपासा, मग पुढचा. एका मुलाचा पूर्ण पेपर एका बैठकीत तपासला, तर पहिल्या चांगल्या उत्तराचा प्रभाव पुढच्या प्रश्नांवर पडतो. नाव आणि रोल नंबरचं पान उलटून ठेवा. वर्गातल्या हुशार मुलीचं अक्षर ओळखीचं असतं हे खरं, पण निदान नाव तरी डोळ्यांसमोर नसावं.

बरोबरची खूण उत्तराच्या शेवटी एकदम करू नका. ज्या शब्दावर अर्धा मिळाला, त्याच शब्दावर खूण आणि वर मुद्द्याचं अक्षर: क, ख किंवा ग. मग बेरीज. सीबीएसईच्या पद्धतीत उपप्रश्नांचे गुण उजवीकडे लिहून बेरीज डाव्या समासात गोल करतात. तुमच्या शाळेची पद्धत असेल ती पाळा, पण खूण शब्दावरच हवी. मुलगा उत्तरपत्रिका घेऊन आला आणि म्हणाला, ‘मॅडम, मी परासरण लिहिलंय’, तर दोघांनाही लगेच दिसलं पाहिजे, की त्याला त्याचा अर्धा मिळाला आहे आणि राहिलेला कशाचा.

थकवा गुणांत उतरतो. संध्याकाळी सुरुवातीला कडक असलेला हात रात्री सैल पडतो, किंवा उलट. म्हणून गठ्ठ्याच्या मध्यावर थांबा, पहिल्या पाच उत्तरपत्रिका परत काढा आणि आधीचे गुण झाकून पुन्हा तपासा. अर्धे जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर कोणत्या मुद्द्यावर ढळलात ते शोधा आणि तो एक मुद्दा तपासून झालेल्या सगळ्या उत्तरपत्रिकांत पुन्हा बघा. सहाही अर्धे परत पाहण्याची गरज नसते.

तिसाव्या उत्तरपत्रिकेत असं बरोबर उत्तर सापडलं जे योजनेत नाही, तर त्या मुलाला गुण द्या, योजनेत ओळ लिहा आणि मागच्या एकोणतीस उत्तरपत्रिकांत ते कोणी लिहिलं होतं का ते पाहा. शब्दांवर खुणा केलेल्या असतील तर हे काम पटकन होतं: ज्या ओळींवर खूण नाही, तेवढ्याच वाचायच्या. सोबत तपासणाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवा, कारण तेच उत्तर त्यांच्या गठ्ठ्यातही असणार. सुधारलेल्या योजनेवर तारीख घाला आणि ती उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासोबत बांधून ठेवा; फेरतपासणीला बसणाऱ्याला हाच कागद लागेल.